घर तेवढंच, घरपट्टी दहापट: थकबाकीच्या नोटिशीमागची क्षेत्रफळाची चूक कशी शोधायची

मार्च जवळ आला की आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या नोटिशी सुटतात. सेतूचं दुकान ग्रामपंचायतीच्या बाजूलाच असल्यामुळे नोटीस हातात पडलेला माणूस आधी माझ्याकडे येतो. प्रश्नही ठरलेला असतो: "भाऊ, घर तेच, भिती त्याच, मंग टॅक्स कसा वाढला?" वर्षानुवर्षं हे कागद पाहिल्यावर सांगतो, की रक्कम खरोखर अवाच्या सवा असेल तर दोष बहुतेक वेळा थकबाकीत किंवा व्याजात नसतो. तो नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतल्या क्षेत्रफळाच्या रकान्यात असतो. तिथला एक आकडा चुकला की त्यावर कर, कराची थकबाकी आणि थकबाकीवरचा दंड असं सगळं चढत जातं. लोक मात्र भांडतात शेवटच्या बेरजेशी, आणि "व्याज माफ करा" म्हणून अर्ज देतात. व्याज माफ झालं तरी पुढच्या वर्षी तेच बिल परत येतं.

आधी लक्षणं

खालच्यापैकी एखादी गोष्ट दिसली तर क्षेत्रफळ तपासायलाच हवं.

- एका वर्षी कर दोनअडीचशे-पाचशे होता आणि फेरआकारणी झाल्यावर एकदम चार-पाच हजारांवर गेला. घरात मात्र एक वीटही वाढली नाही.
- शेजाऱ्याचं घर तुमच्याएवढंच, बांधणीही सारखीच, आणि करात कितीतरी पट फरक.
- उताऱ्यावर बांधकामाचं क्षेत्रफळ प्लॉटच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त दिसतं, आणि घर मात्र एकमजली आहे.
- जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागी घरकुल बांधलं, पण बिलं दोन येतात.

याउलट, चालू वर्षाची रक्कम नेहमीचीच आहे आणि फक्त "मागील" रकान्यात मोठा आकडा आहे, तर ती बहुतेक वेळा क्षेत्रफळाची चूक नसते. तुमची पावती मागणी नोंदवहीत चढलेली नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ, आणि ते काम पुष्कळ सोपं आहे. पाणीपट्टीचा घोळही वेगळा असतो. त्याबद्दल खाली सांगतो.

पहिली तपासणी: नोटीस नीट वाचा (खर्च शून्य)

हसू नका. नोटीस घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी फक्त खालची बेरीज वाचलेली असते.

सर्वांत आधी वरचं नाव पाहा. नोटीस ग्रामपंचायतीची आहे की नगर पंचायतीची? विदर्भातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांची मधल्या काळात नगर पंचायत झाली आणि तिथला कायदाच वेगळा. नगर पंचायतीत थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ग्रामपंचायतीत तसं नाही. तिथे चालू वर्षाचा कर ३० सप्टेंबरच्या आत भरला तर ५ टक्के सूट आणि आर्थिक वर्ष उलटून गेलं तर ५ टक्के जादा, असा हिशेब असतो. लोक ज्याला व्याज म्हणतात ते हेच. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या नोटिशीत दंडाचा आकडा थकबाकीच्या विसाव्या हिश्श्याच्या फार पुढे असेल, तर तो कशावर आणि कसा लावला हे लेखी विचारा. इथून पुढचं सगळं ग्रामपंचायतीबद्दल आहे.

मग नोटिशीतले रकाने सुटे करा. एका कागदावर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी अशा चार ओळी ओढा आणि प्रत्येकीपुढे मागील, चालू, एकूण असे आकडे उतरवा. हे का करायचं? घरपट्टी फुगली असेल तर क्षेत्रफळ पाहायचं. दिवाबत्ती आणि आरोग्य हे करही बांधकामाच्या क्षेत्रफळाच्या टप्प्यांप्रमाणे ठरतात, म्हणून घरपट्टीसोबत तेही थोडे सरकले असतील तर संशय पक्का होतो. फक्त पाणीपट्टीच फुगली असेल तर घर मोजण्यात वेळ घालवू नका.

पाणीपट्टीत दोन प्रकार असतात. सामान्य पाणीपट्टी सगळ्यांना, आणि घरात नळ घेतला असेल तर विशेष पाणीपट्टी. नेहमीचा घोळ असा: जुन्या योजनेचा नळ कधीचाच कोरडा पडलेला असतो, जलजीवन मिशनचा नवा नळ येतो, आणि नोंदवहीत दोन्ही नळ चालू राहतात. नळाला पाणी येत नाही म्हणून पाणीपट्टी आपोआप थांबत नाही. नळ बंद करण्याचा लेखी अर्ज आणि त्याची पोच नसेल तर मागणी चढतच राहते. अर्ज आजच द्या. मागची रक्कम कमी करायची तर नळ कधीपासून बंद होता याचा पंचनामा मागा.

दुसरी तपासणी: पावत्या (खर्च शून्य, डोकेदुखी जरा)

कर भरल्यावर मिळते ती नमुना १०ची पावती. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून, देव्हाऱ्यामागून, जिथून सापडतील तिथून त्या काढा आणि वर्षाप्रमाणे लावा. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, दाखवायला सांगा. तुमच्या मालमत्ता क्रमांकासमोर प्रत्येक वर्षाची मागणी आणि वसुली लिहिलेली असते. तुमच्या पावतीचा नंबर आणि तारीख तिथे नसेल तर चूक सापडली.

पावतीवर एक गोष्ट बारकाईने पाहा: मालमत्ता क्रमांक. फेरआकारणीत पुष्कळ गावांत क्रमांक बदलले. जुन्या क्रमांकावर भरलेले पैसे जुन्याच खात्यात पडून राहतात आणि नव्या क्रमांकावर थकबाकी उभी होते. पैसे ग्रामपंचायतीत जमा आहेतच, फक्त पान चुकलेलं आहे. पावत्यांच्या झेरॉक्स जोडून साधा अर्ज दिला की हे सुटतं.

पावती हरवली असेल तर ग्रामपंचायतीकडे पावतीपुस्तकाची दुसरी प्रत असते. भरल्याचा महिना सांगता आला तरी ती शोधता येते.

तिसरी तपासणी: नमुना ८ चा उतारा (सुमारे वीस रुपये)

पावत्या बरोबर आहेत, आणि चालू वर्षाचीच मागणी जास्त आहे. मग नमुना ८ काढा. ही कर आकारणी नोंदवही, सगळ्या आकड्यांचं मूळ. हा उतारा लोकसेवा हक्काखाली मिळणाऱ्या सेवांमध्ये आहे. ग्रामपंचायतीत अर्ज करा किंवा ऑनलाइन काढा. महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट या मोबाइल अ‍ॅपवरही बऱ्याच गावांची माहिती दिसते. पण भांडायला सही-शिक्क्याचा कागदच लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

उताऱ्यावर या गोष्टी क्रमाने पाहा: मालमत्तेचं वर्णन, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ, जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे लागणारा घसारा, वापराचा भारांक, भांडवली मूल्य, कराचा दर. यांतल्या क्षेत्रफळावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नेहमीची चूक तिथेच बसलेली असते.

ही चूक होते का, ते समजून घ्या. पूर्वी ग्रामपंचायतीची आकारणी चौरस फुटावर व्हायची. २०१५च्या डिसेंबरअखेर नियम बदलले आणि कर भांडवली मूल्यावर बसू लागला. भांडवली मूल्य काढायचं तर सरकारने ठरवलेले रेडी रेकनरचे दर लागतात आणि ते चौरस मीटरचे असतात. आपल्याकडे घर मोजतात ते फुटात. गवंडी फुटात बोलतो, टेप फुटात धरला जातो, जुनी नोंदवहीही फुटातच होती. फुटातला आकडा मीटरच्या रकान्यात जसाच्या तसा गेला की घर कागदावर १०.७६ पट मोठं होतं, कारण १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

घरकुलांच्या बाबतीत तर ही चूक लांबून ओळखता येते. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं. उताऱ्यावर घरकुलासमोर चौ.मी.च्या खाली २६९ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला, की पुढे मोजायचीही गरज राहत नाही.

बाकीच्या चुका कमी वेळा होतात, पण होतात. प्लॉटचं सगळं क्षेत्रफळ बांधकामाच्या रकान्यात जातं आणि अंगण, वाडी, जनावरांचा कोठा, सगळं पक्क्या घरात मोजलं जातं. टिनाचं किंवा मातीचं घर "आरसीसी" म्हणून चढतं. बांधकामाचं वर्ष रिकामं राहतं आणि जुन्या घराला नव्या घराचा दर लागतो. समोरच्या खोलीत कधीकाळी किराणा दुकान होतं म्हणून सगळ्या घरालाच वाणिज्यिक भारांक लागतो. निवासी वापराचा भारांक १ आहे, वाणिज्यिकचा १.२५. म्हणजे दुकान बंद होऊन गेलं तरी कर सव्वापट.

चौथी तपासणी: टेप घेऊन घर मोजा (अर्धा तास आणि दोन माणसं)

एक टेप, एक कागद, टेपचं दुसरं टोक धरायला पोरगा. घर भिंतीच्या बाहेरून मोजा, कारण पंचनाम्यात तसंच मोजतात. खोल्या आतून मोजून बेरीज केली तर भिंतींची जाडी सुटते आणि पंचनाम्याच्या वेळी तुमचा आकडा खोटा ठरतो.

कच्चा नकाशा काढा. पक्कं बांधकाम, टिनाची ओसरी आणि कोठा यांची मापं वेगवेगळी लिहा, कारण त्यांचे दरही वेगळे असतात. लांबी गुणिले रुंदी, आलेले चौरस फूट भागिले १०.७६४, उत्तर चौरस मीटरमध्ये. फुटाखालचे इंच दशांशात घ्यायचे असतात हे विसरू नका. २० फूट ६ इंच म्हणजे २०.५ फूट, २०.६ नव्हे.

प्लॉटचं माप वेगळं घ्या. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर किंवा सनदेवर प्लॉटचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये छापलेलं असतं. ते उतरवून घ्या. पण ते क्षेत्र प्लॉटचं आहे. त्यावर घर किती बांधलं आहे ते सनद सांगत नाही.

पाचवी तपासणी: हिशेब स्वतः करून पाहा

सूत्र दिसायला मोठं आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

```
भांडवली मूल्य = [(प्लॉटचे क्षेत्रफळ × जमिनीचा दर)
 + (बांधकामाचे क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसारा)]
 × वापराचा भारांक

घरपट्टी = भांडवली मूल्य ÷ १००० × कराचा दर
```

एका काकाजींच्या घराचं उदाहरण घेतो. दर सोपे करून घेतले आहेत. तुमचे दर तुमच्या उताऱ्यावरून घ्या.

प्लॉट ३० बाय ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट किंवा १११.४८ चौरस मीटर. घर २० बाय २५ फूट, विटा-सिमेंटचं, एकमजली, म्हणजे ५०० चौरस फूट किंवा ४६.४५ चौरस मीटर. जमिनीचा दर चौरस मीटरला ३०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये. घर बांधून दहाहून जास्त आणि वीसहून कमी वर्षं झाली, म्हणून घसारा ०.८०. वापर निवासी, भारांक १. कराचा दर हजाराला १ रुपया.

जमिनीचे झाले ३३,४४४ रुपये. बांधकामाचे ४६.४५ × १२,००० × ०.८०, म्हणजे ४,४५,९२० रुपये. भांडवली मूल्य ४,७९,३६४ रुपये आणि वर्षाची घरपट्टी ४७९ रुपये.

उताऱ्यावर मात्र प्लॉट बरोबर ११२ चौ.मी. होता आणि बांधकाम ५०० चौ.मी. लिहिलं होतं. ११२ मीटरच्या प्लॉटवर ५०० मीटरचं एकमजली घर! हिशेब करायच्या आधीच हा आकडा खटकायला हवा होता, पण उतारा पाहतो कोण? त्या आकड्याने बांधकामाचं मूल्य ४८ लाखांवर गेलं आणि घरपट्टी ४,८३३ रुपये निघाली.

काकाजींनी "बिल चुकलं आहे" म्हणून दोन वर्षं काहीच भरलं नाही. त्यामुळे नोटिशीत असं आलं: मागील थकबाकी ९,६६६, त्यावर ५ टक्के म्हणजे ४८३, चालू वर्षाचे ४,८३३. घरपट्टीचेच १४,९८२ रुपये. क्षेत्रफळ दुरुस्त झाल्यावर तोच हिशेब असा: मागील ९५८, ५ टक्क्यांचे ४८, चालू ४७९. एकूण १,४८५ रुपये.

दंड तर दोन्ही हिशेबांत लागलाच. कर चुकीचा होता म्हणून दंड पूर्ण जात नाही, कारण जो कर योग्य होता तोही थकलाच होता. म्हणून माझं सांगणं असं, की वाद चालू असताना तुमच्या हिशेबाने निघणारा कर दरवर्षी भरत राहा. सोबत "आकारणीवर हरकत कायम ठेवून, मान्य रक्कम भरत आहे" असा अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा. पावतीवर रक्कम कोणत्या वर्षाच्या खात्यात घेतली तेही पाहा, नाहीतर ती जुन्या थकबाकीत जाते आणि चालू वर्ष पुन्हा कोरंच राहतं.

आता दुरुस्ती कशी करून घ्यायची

संगणकावर बसलेल्या ऑपरेटरला चूक दाखवली तर तो बिचारा लगेच मान्य करतो: "हो दादा, फुटाचंच दिसते हे." पण त्याला परस्पर आकडा बदलता येत नाही आणि बदलूही नये. आकारणीत बदल करायचा तर त्यामागे ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. ठरावाशिवाय बदललेला आकडा ऑडिटमध्ये निघतो आणि परत जुन्यावर जातो. त्यानंतर दुसऱ्यांदा दुरुस्ती मिळवणं फार जड जातं.

अर्ज सरपंच आणि सचिव यांच्या नावे करा. ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात सचिवच म्हणतात. अर्जात रडगाणं नको. मालमत्ता क्रमांक, नमुना ८ वरचं क्षेत्रफळ, प्रत्यक्ष क्षेत्रफळ फूट आणि मीटर दोन्हींत, आणि मागण्या तीन: स्थळ पाहणी करून पंचनामा करावा, नमुना ८ मध्ये दुरुस्ती करावी, आणि चूक झाल्या वर्षापासून नमुना ९ मधली मागणी सुधारून नवीन बिल द्यावं.

तिसरी मागणी लोक विसरतात. मग होतं काय, तर नमुना ८ दुरुस्त होतो, पुढच्या वर्षापासून बिल बरोबर येतं, पण मागच्या वर्षांची फुगलेली थकबाकी तशीच राहते. पुढच्या मार्चला पुन्हा नोटीस, आणि माणूस म्हणतो, "अर्ज तर देल्ला होता!"

सोबत नमुना ८ चा उतारा, नोटिशीची झेरॉक्स, तुमचा नकाशा, सनद असेल तर ती, आणि फेरआकारणीच्या आधीची एखादी पावती जोडा. जुनी पावती महत्त्वाची, कारण आधी कर किती होता हे तीच दाखवते. घर पाडून बांधलं असेल तर घरकुलाचा मंजुरी आदेश जोडा आणि जुन्या घराची नोंद कमी करण्याची मागणी त्याच अर्जात लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. "ठेवा इथं, पाहतो" म्हटलं तर शिक्का मिळेपर्यंत उभे राहा. शिक्का देतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच ठेवा.

पंचनाम्याच्या दिवशी घरी हजर राहा आणि टेप तुमचाही असू द्या. कागदावर मापं कोणत्या एककात लिहिली जात आहेत ते वाचूनच सही करा. एकदा चुकलेलं एकक दुसऱ्यांदाही चुकतं, हे मी पाहिलेलं आहे. मग विषय मासिक सभेत येतो. ठराव झाला की नवीन उतारा काढा आणि शेवटच्या रकान्यांकडे पाहा. नमुना ८ मध्ये अपिलाचा निकाल आणि नंतर झालेली वाढ-घट लिहायला जागा आहे. ठराव क्रमांक आणि तारीख तिथे चढलेली असेल तरच दुरुस्ती झाली असं समजा.

चार वर्षांनी होणारी फेरआकारणी चालू असेल तर तुमचं नशीब चांगलं. तेव्हा आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागवतात. त्या मुदतीत दिलेली हरकत सगळ्यात लवकर निकाली निघते.

ग्रामपंचायत ऐकतच नसेल तर

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं आणि त्यावरचं अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. बिल हातात पडल्यापासून ३० दिवस उलटू देऊ नका. गावात अर्ज पडून आहे म्हणून थांबलात तर इकडे मुदत निघून जाते, म्हणून दोन्ही कामं सोबत चालवा. अपिलाला वकील लागत नाही. अर्जाला जोडलेलेच कागद, त्याची पोच, आणि एका पानावर दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी. विस्तार अधिकाऱ्याला ते एक पान समजलं की अर्धं काम झालं.

जुनी नोंदवही दाखवतच नसतील तर माहितीच्या अधिकारात, १० रुपयांच्या अर्जावर, फेरआकारणीच्या आधीचा आणि नंतरचा नमुना ८ मागा. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते शुल्कही नाही.

इथे थांबा, जाणत्या माणसाकडे जा

लोकअदालतीची नोटीस. ग्रामपंचायती थकबाकीची प्रकरणं दाखलपूर्व म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. कोर्टाचं नाव पाहून माणूस घाबरतो आणि तिथे जाऊन हप्ते बांधून सही करून येतो. तिथे तडजोड करायचीच असं बंधन नाही. पण तडजोडीवर सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. चुकीच्या क्षेत्रफळावरची थकबाकी त्या सहीने तुम्ही कबूल करून बसता. म्हणून क्षेत्रफळ तपासल्याशिवाय सही करू नका. तारखेला मात्र जरूर जा, आणि "आकारणीवर हरकत प्रलंबित आहे" हे पोच दाखवून सांगा. आधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो.

जप्तीचा कागद. बिल, मग मागणीचा हुकूम, मग जप्ती असा वसुलीचा क्रम कलम १२९ मध्ये आहे. मागणीचा हुकूम आला असेल तर स्वतःचे प्रयोग बंद करा आणि वकील गाठा.

हद्दीचा वाद. घराच्या मापावर नाही तर प्लॉटच्याच मापावर भांडण असेल, शेजारी म्हणत असेल "ही भीत माझ्या जागेत", तर ग्रामपंचायत काहीच करू शकत नाही. उप अधीक्षक भूमी अभिलेखांकडे मोजणीचे पैसे भरा. नमुना ८ हा कराचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. भावाभावांच्या वाटणीचा वाद असेल तरी हेच, आधी वाटणीचा निकाल, मग क्षेत्रफळ.

आणि कोणाला सरपंच-सदस्याच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर त्याने हे सगळं अर्ज भरायच्या आठवड्यात काढू नये. रीतसर बिल बजावल्यावर मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर माणूस अपात्र ठरतो. अशा वेळी पूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरून टाका आणि दुरुस्तीचं प्रकरण पैसे भरल्यानंतर चालवा. ठराव झाल्यावर जादा भरलेली रक्कम पुढच्या वर्षांच्या मागणीत वळती करून मागता येते, आणि तसा उल्लेख ठरावातच करून घ्या.